खोगीर आणि घुमट : कुपवाडमधल्या एका झाकणाच्या नोंदी

११ मार्च २०२५

प्लास्टिक मोल्डिंगची नवी डाय, म्हणजे साचा, आज पहिल्यांदा मशीनवर चढली. मशीन १८० टनी. काम साधं दिसतं: द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडायची जी टाकी असते, तिचं गोल झाकण. व्यास साधारण २१६.५ मिमी, जाडी सगळीकडे २.५ मिमी, काठाला स्क्रूची ८ भोकं, आणि मध्यापासून ६० मिमीवर श्वासनळीसाठी ३० मिमीचं एक मोठं भोक. दाणा, म्हणजे वितळवायचं प्लास्टिक, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन कोपॉलिमर, काळा. गेट, म्हणजे माल साच्यात शिरायची वाट, बरोबर मध्यात, सरळ स्प्रू. डाय १.६ टक्के आकुंचन धरून कापली आहे, म्हणजे कॅव्हिटीचा, साच्यातल्या पोकळीचा, व्यास २२०.

पार्टीची अट अशी, की झाकण सरफेस प्लेटवर ठेवलं तर काठाच्या उंचीत ०.८ मिमीपेक्षा जास्त फरक नको. खाली रबरी रिंग बसते, तेवढा फरक ती गिळते. जास्त झाला की खताचं पाणी झिरपतं.

दुपारी ४० शॉट काढले. गरम असताना एकदम सपाट दिसले, मालकही खूश. संध्याकाळी प्लेटवर ठेवून बोटाने दाबलं तर झाकण डुगडुगलं.

१२ मार्च

रात्रभर थंड झालेली दहा झाकणं मोजली. काठावर १६ ठिकाणी हाइट गेज लावला. उंची एका फेरीत दोनदा चढते, दोनदा उतरते. समोरासमोरच्या दोन बाजू वर, त्यांना काटकोनात असलेल्या दोन बाजू खाली. घोड्याचं खोगीर असतं तसा आकार. सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या जागेत ३.२ मिमीचा फरक. दहाही झाकणांत आकार तोच, आकडा २.९ ते ३.४.

पुढच्या मोजमापांसाठी नियम ठरवून टाकला: शॉट निघाल्यावर ४८ तासांनी मोजायचं. पीपी साच्यातून बाहेर आल्यावरही हळूहळू स्फटिक धरत राहतं आणि आकसतं. तासाभराने घेतलेला आकडा आणि दोन दिवसांनी घेतलेला आकडा एक येत नाही. काल आम्ही गरम झाकणावर खूश झालो ती चूक तीच.

१५ मार्च

धुळवडीची सुट्टी झाली. आज सकाळी सगळ्यांचं एकमत होतं की दोष पाण्याचा आहे. मोल्डिंगमध्ये काहीही वाकलं की पहिलं बोट कूलिंगकडेच जातं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. म्हणून आधी तेच तपासून मोकळं व्हायचं ठरवलं.

डायच्या दोन भागांचं तापमान थेट पृष्ठभागावर मोजलं. फिक्स बाजू ३०, मूव्हिंग बाजू ४१. म्हणजे फरक आहेच. जी बाजू जास्त गरम, तिकडचं प्लास्टिक उशिरा गोठतं आणि जास्त आकसतं, त्यामुळे वस्तू त्या बाजूला आत ओढली जाते, वाटीसारखी. मूव्हिंग बाजूच्या पाण्याच्या एका ओळीत क्षार साचले होते. ते साफ करून, पाण्याचा वेग वाढवून दोन्ही बाजू ३५-३६ वर आणल्या. मग मुद्दाम उलटं केलं: फिक्स ५०, मूव्हिंग ३०.

१७ मार्च

मोजणी झाली. तापमान उलटं केल्यावर झाकणाचा मधला भाग एका बाजूकडून दुसरीकडे गेला, साधारण १ मिमीने. पण खोगीर तसंच, ३ मिमीचं. तापमान समान केल्यावर निव्वळ खोगीर उरलं.

यावरून पाण्याचा प्रश्न मिटला. दोन बाजूंच्या तापमानातला फरक वाटी करतो, आणि ती वाटी तापमान उलटवलं की उलटते. जे उलटत नाही त्याचं मूळ दुसरीकडे आहे.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, मग होल्डिंग वाढवा की.” होल्डिंग म्हणजे साचा भरल्यावर मागून देत राहायचा दाब. तेही बघू. आधी गेट कधी गोठतो ते काढलं. होल्डिंगचा वेळ २-२ सेकंदांनी वाढवत प्रत्येक वेळी झाकणाचं वजन केलं. ४ सेकंदांना ८४.१ ग्रॅम, ६ ला ८४.९, ८ ला ८५.४, १० ला ८५.६, १२ लाही ८५.६. म्हणजे १० सेकंदांनंतर गेट बंद होतो. त्यापुढे कितीही दाबलं तरी साच्यात एक दाणाही जात नाही. मशीनवर ६ सेकंद लावलेले होते. १० केले.

२० मार्च

होल्डिंग १० सेकंद केल्यावर झाकण एकूण कमी आकसलं आणि गेटजवळचा खड्डा गेला. खोगीर ३.२ वरून २.७. पुरेसं नाही.

आता मूळ प्रश्नाला हात घातला: झाकण सगळ्या दिशांना सारखं आकसतंय का? मिस्त्रींनी मागच्या आठवड्यातच माझ्या सांगण्यावरून कॅव्हिटीत बारीक टोकाने खुणा केल्या होत्या. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषेवर ५०.०० मिमी अंतराच्या दोन टिंबांची जोडी, आणि तिला काटकोनात, काठाच्या दिशेत, तशीच दुसरी जोडी. टिंबं प्रत्येक झाकणावर उमटतात. व्हर्नियरवर भरवसा ठेवण्याइतका हा फरक मोठा नाही, म्हणून टूलरूमच्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर मोजलं.

बाहेर जाणाऱ्या दिशेत ५० चं झालं ४९.१२. आकुंचन १.७६ टक्के.
काठाच्या दिशेत ५० चं झालं ४९.२२. आकुंचन १.५६ टक्के.

फरक फक्त ०.२ टक्के. मालकांना आकडा दाखवला तर म्हणाले, “एवढ्याने काय होतंय?” मग परीघ धरून सांगितलं. कॅव्हिटीचा परीघ ६९१ मिमी. त्रिज्या जितकी आकसली त्या मानाने परीघ ०.२ टक्के कमी आकसला, म्हणजे काठावर जवळजवळ १.४ मिमी लांबी जास्तीची राहिली. सपाट राहायचं तर त्या लांबीला जागाच नाही. धोतराच्या काठाला शिवणीत जास्त कापड आलं की तो लहरतो तसा हा काठ वर-खाली होतो, आणि ज्या आकारात कमीत कमी वाकावं लागतं तो आकार म्हणजे खोगीर.

सगळा फरक वाकण्यात जात नाही. पत्र्याचा ताठपणा विरोध करतो. झाकण ४ मिमी जाड असतं तर कदाचित सपाटच राहिलं असतं आणि ताण आत कोंडून राहिला असता. मग तो कधीतरी उन्हात बाहेर पडला असता, ते वेगळं.

२२ मार्च

प्रवाहाच्या दिशेने जास्त का आकसतं, हे नुसतं बोलून मालकांना पटत नव्हतं. म्हणून आज थोडी चैन केली. पारदर्शक पॉलिस्टायरीनचा अर्धा पोतं दाणा कोपऱ्यात पडला होता. बॅरल साफ करून त्याचे सहा शॉट काढले. (पर्जिंगमध्ये गेलेला दाणा पाहून स्टोअरवाले दिवसभर बोलत नव्हते.)

ऑफिसातला कॉम्प्युटरचा स्क्रीन पूर्ण पांढरा केला. या स्क्रीनमधून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. त्याच्यासमोर पारदर्शक झाकण धरलं आणि पोलराइड गॉगल डोळ्यांसमोर हळूहळू फिरवला. एका कोनात स्क्रीन काळा पडला आणि झाकण रंगांनी भरून गेलं. गेटभोवती रंगांची वलयं इतकी दाट की मोजता येईनात, काठाकडे ती विरळ होत गेलेली. श्वासनळीच्या भोकामागे काठापर्यंत एक बारीक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना रंग वेगळे. मशीनवरचा पोरगा म्हणाला, “मोराचं पीस हाय की ओ!” मालक दोन मिनिटं झाकण फिरवत उभे होते.

रंग म्हणजे ताणून गोठलेल्या साखळ्या. वितळलेलं प्लास्टिक थंड साच्यात घुसतं तेव्हा भिंतीला लागलेला थर लगेच गोठतो, आणि आतला माल त्याच्यावरून घासत पुढे सरकतो. या घासण्यात लांबलचक साखळ्या प्रवाहाच्या दिशेत ओढल्या जातात आणि पुन्हा गुंतायच्या आतच गोठतात. गेटजवळ माल सगळ्यात जास्त वेळ वाहतो, तिथे हे सगळ्यात जास्त. ताणलेल्या साखळीला मागे यायचं असतं, म्हणून त्या दिशेत आकुंचन जास्त. पीपीमध्ये भर म्हणजे स्फटिकही त्याच दिशेला धरून वाढतात. पॉलिस्टायरीन स्फटिक धरत नाही, म्हणून या रंगांवरून पीपीचं आकुंचन काढता येत नाही. साखळ्या कुठे आणि किती ताणल्या गेल्या, एवढंच ते दाखवतात.

२६ मार्च

आता सेटिंग. उद्देश एकच: साखळ्यांना ताण कमी बसू द्यायचा, आणि बसला तर गोठण्याआधी सैल व्हायला वेळ द्यायचा. माल २१० वरून २४० अंश. डाय ३५ वरून ५५. भरायचा वेग वाढवला, म्हणजे भरता भरता भिंतीवरचा गोठलेला थर जाड होत नाही. होल्डिंगचा दाब थोडा कमी केला, कारण गोठत चाललेल्या मालातून जोराने माल ढकलला की गेटजवळ पुन्हा ताण बसतो.

सायकल, म्हणजे एका झाकणाला लागणारा वेळ, ३८ वरून ४७ सेकंदांवर गेली. खोगीर १.९.

इथे आमच्यात दोन मतं पडली. मशीनवाल्यांना वाटतं अजून फिरवू, उतरेल. माझं मत: सेटिंगने मिळायचं ते मिळून गेलं. मध्यातून गोल पसरणाऱ्या प्रवाहात त्रिज्येची दिशा आणि परिघाची दिशा सारखी होणारच नाही. गेट काठावर नेला तर प्रवाह एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईल आणि झाकण अंडाकृती होईल. तीन-चार गेट दिले तर प्रवाह एकमेकांना भेटतात तिथले सांधेही तितके, शिवाय डाय नव्याने.

२९ मार्च

मालकांनी स्वतःच उपाय आणला. कुणीतरी सांगितलं, “ग्लास भरलेला दाणा घ्या, वाकणारच नाही.” ३० टक्के काचतंतू असलेलं पीपी, दोन पोती. मी नको म्हणालो, पण करून बघायला हरकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. ३० शॉट काढून ठेवले. उद्या पाडवा.

१ एप्रिल

काचेचं झाकण प्लेटवर ठेवलं. अजिबात डुगडुगलं नाही. मालक माझ्याकडे बघून हसले. मग झाकणाच्या मध्याखाली बोट घातलं तर ते आरामात आत गेलं.

काठ सगळीकडून टेकलेला, आणि मध्य ५.५ मिमी वर उचललेला. घुमट.

टिंबं मोजली. बाहेर जाणाऱ्या दिशेत ४९.८२, म्हणजे ०.३६ टक्के. काठाच्या दिशेत ४९.५६, म्हणजे ०.८८ टक्के. आकुंचन एकूण निम्म्याहून कमी, पण दिशा उलटी. काचेचे तंतू प्रवाहाबरोबर बरेचसे आडवे झोपतात आणि त्यांच्या लांबीच्या दिशेत प्लास्टिकला आकसू देत नाहीत. जिथे साखळ्या जास्त आकसत होत्या तिथेच आता काच अडवून धरते. त्यामुळे परीघ त्रिज्येच्या मानाने साडेतीन मिमीने तोकडा पडला. पातेल्याच्या तोंडाला फडकं बांधून दोरी आवळली की मधला भाग फुगतो, तसं.

साधं पीपी खोगीर देतं, काचेचं घुमट. डाय तीच, गेट तोच. आकाराकडे बघून कोणत्या दिशेत जास्त आकसलं ते सांगता येतं. ही गोष्ट मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी प्रोजेक्टरकडे धावायच्या आधी झाकण प्लेटवर ठेवून नुसतं बघितलं तरी निम्मं काम होईल.

मग दोन्हीच्या मधलं काही? दोन दाणे मिसळायचा विचार आला, पण रोजच्या उत्पादनात हॉपरमध्ये मिश्रण सारखं राहील याची खात्री कोण देणार. त्यापेक्षा टाल्क भरलेलं पीपी. टाल्कचे कण चपटे, पापडासारखे. ते एका रेषेत नाही तर एका पातळीत अडवतात, म्हणून झाकणाच्या पातळीतल्या दोन्ही दिशांना आकुंचन जवळजवळ सारखंच कमी होतं. २० टक्के टाल्कचं एक पोतं मागवलं.

५ एप्रिल

टाल्कचे आकडे: बाहेरच्या दिशेत ४९.४२, काठाच्या दिशेत ४९.४५. म्हणजे १.१६ आणि १.१० टक्के. परिघातला जास्तीचा भाग ०.४ मिमी. काठाच्या उंचीतला फरक ०.६.

अटीत बसलं.

आता त्याची किंमत. आकुंचन कमी, म्हणून झाकण मोठं: व्यास २१७.५. काठाचं पार्टीला चालतं, त्यांची फ्लँज २२० ची आहे. प्रश्न स्क्रूच्या भोकांचा. ती २०० मिमीच्या वर्तुळावर हवीत. डायमध्ये ते वर्तुळ २०३.२५ चं आहे, म्हणजे टाल्कने ते २००.९ होतं. प्रत्येक भोक ०.४५ मिमी बाहेर सरकलं. स्क्रू ५ मिमीचा, भोक ६.५ चं, म्हणजे प्रत्येक बाजूला पाऊण मिमी जागा. बसतं. पार्टीकडून लेखी मान्यता घेतली. फोनवर ‘चालतंय’ म्हटलेलं नंतर चालत नाही.

वजन ८५.६ वरून ९९ ग्रॅम झालं, कारण टाल्क जड. मालक दाणा किलोवर विकत घेतात आणि झाकण नगावर विकतात, तेव्हा त्यांचा चेहरा काय झाला ते लिहायला नको. सायकल मात्र ३४ सेकंदांवर आली, त्याने थोडं भरून निघालं.

९ एप्रिल

पार्टीकडे जोडणी करून बघितली. दहा झाकणं टाकीवर कसली, त्यांतली तीन तडकली. तिन्हींची तड एकाच जागी: श्वासनळीच्या भोकापासून काठाजवळच्या स्क्रूच्या भोकापर्यंत, सरळ.

ती रेघ ओळखीची होती. पॉलिस्टायरीनमध्ये रंगांच्या मधून गेलेली तीच. माल भोकाच्या पिनीला अडून दोन भागांत फुटतो आणि पलीकडे परत भेटतो. प्रवाहाचं टोक काकवीसारखं चालतं: मधला माल पुढे येतो आणि कडेला वळून भिंतीवर पसरतो. त्यामुळे टोकावरच्या साखळ्या पुढे तोंड करून नसतात, तोंडालगत आडव्या पडलेल्या असतात. दोन टोकं भिडतात तेव्हा दोन्हींच्या साखळ्या सांध्याला समांतर. कापडाचे दोन तुकडे काठाला काठ लावून ठेवले आणि टाका घातलाच नाही. थोडा वेळ गरम राहिलं तर साखळ्या पलीकडे शिरतात, टाके पडतात. पण हा माल तोपर्यंत गोठू लागलेला असतो. वर पृष्ठभागावर अडकलेली हवा एक बारीक खाच ठेवून जाते, आणि तड तिथूनच निघते.

साध्या पीपीत हा सांधा होताच, पण तो लवचिक असल्याने कधी बोलला नाही. खात्री करायला दोन्ही मालांच्या झाकणांतून सांध्याला आडव्या १५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापून शिकंज्यात वाकवल्या. साधं पीपी वाकून पांढरं पडलं, तुटलं नाही. टाल्कची पट्टी २०-२५ अंशांना कट्‌कन तुटली, आणि तुटलेली बाजू बोटाला गुळगुळीत लागली. त्याच झाकणाच्या दुसऱ्या भागातली पट्टी बराच वेळ वाकली आणि तुटली तेव्हा खरबरीत. गुळगुळीत तुटलेला चेहरा म्हणजे सांधा जुळलाच नव्हता.

१२ एप्रिल

सांधा घालवता येत नाही. भोक आहे तोवर सांधा आहे. भोक नंतर ड्रिलने पाडायचा पर्याय होता, पण प्रत्येक झाकणामागे एक माणूस आणि एक जिग वाढतं. मग सांधा कुठे पडावा एवढंच ठरवायचं.

स्क्रूची भोकं ४५-४५ अंशांवर, आणि श्वासनळीचं भोक नेमकं एका स्क्रूच्या रेषेत. ड्रॉइंग करताना सममिती छान दिसली असणार. पार्टीला विचारलं, श्वासनळी २२.५ अंश फिरवली तर चालेल का? टाकीत तिच्या जागेला काही बंधन नाही म्हणाले. मिस्त्रींनी जुनं पिनीचं भोक स्टीलचा प्लग ठोकून बुजवलं, घासून सारखं केलं आणि नवं भोक दोन स्क्रूंच्या बरोबर मध्यावर पाडलं. प्लगची फिकट गोल खूण झाकणाच्या आतल्या बाजूला उमटते. चालेल.

शिवाय सांधा काठाला जिथे पोचतो तिथे पार्टिंग लाइनवर ६ मिमी रुंद, ०.०२ मिमी खोल हवेची वाट घासली. याहून खोल केली तर पीपी त्यात शिरून पापुद्रा धरतं. माल २४० अंशांवर, डाय ४५ वर ठेवली, म्हणजे दोन टोकं जरा गरम असताना भेटतील.

१६ एप्रिल

नव्या जागेच्या भोकाची २० झाकणं कसली. सगळ्या स्क्रूंना तोच टॉर्क, मग पाव फेरी जास्त. एकही तडकलं नाही. सांध्याची पट्टी वाकवून बघितली: ती अजूनही दुसऱ्या भागापेक्षा आधी तुटते, पण आता ४०-४५ अंशांना, आणि तुटलेल्या बाजूच्या मधल्या भागात खरबरीतपणा आलाय. खाच भिंगातून बघितली, आहे, पण उथळ.

काठाचा फरक २० झाकणांत ०.५ ते ०.७.

पहिली २५० झाकणं संध्याकाळच्या टेम्पोने तासगावला गेली. चार झाकणं शेडच्या पत्र्यावर दगड न ठेवता उन्हात टाकली आहेत. मे महिनाभर तिथेच राहतील, मग पुन्हा प्लेटवर.